पिवळ्या धाग्याचा ट्रान्सफॉर्मर

जुने सहकारी भेटले की अजून सांगतात, ‘अंधेरीच्या कारखान्यात त्या बाईंची नोकरी याने वाचवली.’ हे धादांत खोटे आहे. तिच्याविरुद्धच्या कागदावर पहिली सही माझी होती.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. आम्ही संगणकाच्या टर्मिनलसाठी स्विचिंग पद्धतीचे वीजपुरवठे बनवत होतो. ग्राहकांकडून काही संच परत आले. सकाळी चालू केले की बारीक किंचाळत. मग बंद पडत, पुन्हा चालू होत, पुन्हा बंद. उचकी लागल्यासारखे. आवाज ट्रान्सफॉर्मरमधून येई, म्हणून दोष त्यातल्या तारेच्या गुंडाळणीचा ठरला. आमच्याकडे गुंडाळणारी प्रत्येक बाई आपल्या ट्रान्सफॉर्मरला आपल्या रंगाचा धागा बांधत असे. परत आलेल्या सगळ्यांवर पिवळा होता; वाकोल्याच्या एका बाईंचा.

पर्यवेक्षकाने एका संचातला ट्रान्सफॉर्मर बदलला. संच गप्प झाला.
“बघ, अजून काय पुरावा पाहिजे तुला?”
मी सही केली. तिला महिनाअखेरीस काढायचे ठरले.

ती माझ्या टेबलापाशी आली. “साहेब, माझे शंभर ट्रान्सफॉर्मर बाहेर चालतायत. त्यांचो आवाज कोणी ऐकलो नाय?”

दुसऱ्या सकाळी तोच दुरुस्त संच पुन्हा किंचाळला. तेव्हा मी ऑसिलोस्कोप लावला. पाच व्होल्टच्या सरळ रेषेवर जेमतेम पन्नास मिलिव्होल्टची लहर चालली असती. तिथे चारशेची दातेरी करवत होती. आउटपुटचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ब्रिज या मापकावर मोजले, तर क्षमता जवळजवळ पूर्ण. इथेच सगळे फसले होते. आतला द्रव सुकत चालला की आधी अंतर्गत रोध वाढतो, क्षमता मागाहून घसरते. गरम झाल्यावर तो रोध उतरतो. ट्रान्सफॉर्मर बदलताना सोल्डरिंगच्या उष्णतेने शेजारचे कपॅसिटर तापले, म्हणून संच गप्प बसला होता.

मी चांगला कपॅसिटर नुसता समांतर धरला. करवत खाली बसली, किंचाळणे थांबले. नवे कपॅसिटर लावून पिवळ्या धाग्याचा ट्रान्सफॉर्मर परत जोडला आणि रात्रभर थंड ठेवला. सकाळी संच मुकाट चालला.

कपॅसिटर सुकले कशाने? ते उष्णता वाहून नेणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना चिकटून बसवले होते. ती मांडणी माझी. परत आलेले संच पहिल्या तुकडीचे, सर्वांत जास्त दिवस चाललेले, आणि त्या तुकडीची सगळी गुंडाळणी तिची. बाकी तिचा काही संबंध नव्हता.

मी दुसरा कागद लिहिला: दोष मांडणीचा, मांडणी माझी. तिला ठेवले.

आभार मानायला ती आली नाही; जेवणाच्या सुट्टीत समोर उभी राहून तिने एवढेच विचारले, “साहेब, तुमचो धागो खंयच्या रंगाचो?”

हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या आराखड्यांवर कसल्याच रंगाची खूण नसे. पण त्यानंतरच्या प्रत्येक आराखड्यावर मी कोपऱ्यात सही करू लागलो.