आवाजाला खुर्ची लागत नाही

'मंगळवार, ११ मार्च. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. धोब्याकडून चादरी आल्या, एक उशीचा अभ्रा कमी. मैना कामावरून लवकर आली. इस्पितळाच्या टेलिफोन खोलीत आता यंत्र बोलणार. तिला चहा दिला. प्यायली नाही.'

इतकं लिहून सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं. जास्त लिहिण्यासारखं खूप होतं, पण रोजनिशीत रडायचं नाही हा त्यांचा जुना नियम. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावलेलं वळण, दुसरं काय!

मैना म्हणजे त्यांची सून. हे नाव इस्पितळातल्या लोकांनी ठेवलेलं. दिवसभर हेडफोन लावून बोलणारी, कोणाला प्रसूती विभाग, कोणाला रक्तपेढी जोडून देणारी. घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा चालूच. आणि आता? त्या मंगळवारनंतर चार दिवस झाले, "हो", "नको", "ठेवा तिथे", एवढंच. नवरा चिडवून बघायचा, "आई, लाइन डेड आहे गं!" तरी ती हसेना.

पुढच्या शुक्रवारी निरोपाचा कार्यक्रम होता. मैनेने दोन शब्द बोलावेत असं कार्यालयाने कळवलं होतं.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "गेले तर एकतर रडेन, नाहीतर आभार मानेन. दोन्हीची लाज वाटेल."

"मग तक्रार कर," सासूबाई म्हणाल्या.

"कोणाकडे?"

"देवाकडे. भर सभेत. आमच्या शाळेत बायबलातली जुनी हिब्रू स्तोत्रं पाठ करून घ्यायचे. त्यांतली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. मोठ्याने केलेली, पण शिस्तीत."

मैनेने पहिल्यांदाच वर बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक कागद आणून टेबलावर आपटला. सासूबाईंनी चष्मा लावला. 'सविनय निवेदन' अशी सुरुवात. खाली यंत्र कोणी मागवलं, सही कोणी केली, सगळं नावानिशी. शेवटी, 'तरी देवाची मर्जी.'

"अगं, हा तर अर्ज झाला! देव काय आवक-जावक विभागात बसलाय?"

"मग कसं लिहायचं ते सांगा ना, आई. नुसत्या हसू नका."

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. स्तोत्रात यमक जुळवायचं नाही, त्या म्हणाल्या, अर्थ जुळवायचा. एक ओळ, तिचे दोन भाग. पहिल्याने म्हणायचं, दुसऱ्याने तेच आणखी खोल न्यायचं. विलापात तर दुसरा भाग पुष्कळदा आखूड असतो. पहिल्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. "लंगडत चालल्यासारखं. दुःखी माणसाला धाप लागते ना, तसं."

त्यांनी बोटांनी टेबलावर ठोके दिले. मैनेने ते कान देऊन ऐकले. ऐकणं हाच तर तिचा धंदा.

"आणि नावं खोड. शत्रू आहेत म्हण, त्यांनी काय केलं म्हण, पण नाव नको."

"का? घाबरायचं कोणाला?"

"भीतीचा प्रश्न नाही. नाव घातलंस की गाऱ्हाणं तुझ्या एकटीचं राहतं. नाव नसलं की उद्या दुसरं कोणीही ते उचलून म्हणू शकतं. म्हणून तर ती स्तोत्रं इतकी टिकली."

मैनेला हे पटलं नाही. तोंड वाकडं करत तिने नावं खोडली, एकेका नावावर चांगल्या दोन-दोन रेघा ओढून. मग लिहायला बसली. सुरुवातीला हाक, मग गाऱ्हाणं, मग मागणं.

'देवा, मी हाक मारते आहे, / उचल ना!
किती काळ मला थांबवून ठेवशील? / किती काळ?
माझा आवाज पाटीवरून पुसला, / ओल्या फडक्याने.
माझ्या खुर्चीत निर्जीव गळा बसला, / न दमणारा.
लोक रडतात, तो आकडे सांगतो, / गोड सुरात.
ऊठ, देवा, माझी बाजू घे, / उशीर नको.'

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. "आता वळण. 'परंतु' म्हणायचं आणि विश्वासाकडे वळायचं. 'परंतु तू दयाळू आहेस', असं काहीतरी."

"नाही लिहिणार."

"अगं, रीत आहे."

"असेल! नोकरी गेली माझी, आणि लगेच दयाळू? खोटं वाटेल ते. माझ्या तोंडून निघणारसुद्धा नाही."

शाळेत सासूबाईंनी ते 'परंतु' हजारदा म्हटलं होतं, घंटेच्या ठोक्यासारखं. ते कुठून येतं हे मात्र कधी शोधलं नव्हतं. त्या मनातल्या मनात जुन्या ओळी चाळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "वळण्याआधी ते लोक आठवण काढतात. पूर्वी काय घडलं होतं त्याची. तू आठव बरं."

मैना उठून खिडकीपाशी गेली.

"एक म्हातारे होते," ती म्हणाली. "घरात एकटे, छातीत दुखत होतं. पत्ता सांगता येईना. नुसता श्वास ऐकू यायचा. मी बोलत राहिले. खिडकीतून काय दिसतं, दुकान कुठलं, विचारत राहिले. गाडी दारात पोचेपर्यंत लाइन सोडली नाही. वाचले ते." मग एकदम फणकाऱ्याने, "पण ते मी केलं, आई. देवाने कुठे?"

"मग तसंच लिही. पहिल्या भागात तू काय केलंस. दुसऱ्या भागात त्याच्या वाट्याला काय येतं ते बघ. दोन भाग त्यासाठीच असतात."

पेन थांबलं, चाललं, परत थांबलं. चहा निवला. शेवटी मैनेने कागद पुढे सरकवला.

'परंतु घाबरलेल्याचा श्वास मी ऐकला. / माझ्या कानामागे तुझाही कान होता.
मी फक्त तारा जोडल्या. / त्यांतून माणसं तू पोहोचवलीस.
जे जोडलं गेलं ते कोण तोडील? / जे ऐकलं गेलं ते कोण पुसेल?
मी भर सभेत तोंड उघडीन. / माझ्या आवाजाला आता खुर्ची लागत नाही.'

सासूबाईंनी टेबलावर ठोके देऊन पाहिलं. दुसरा भाग आता आखूड नव्हता. लंगडणं थांबलं होतं, आणि हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

"वर मथळा हवा, त्या स्तोत्रांवर असतो तसा," त्या घसा खाकरून म्हणाल्या. "'प्रमुख गायकासाठी, तंतुवाद्यांवर.'"

"तारा तर आमच्याकडे होत्याच!" मैना म्हणाली, आणि हसली. आतल्या खोलीतून नवरा ओरडला, "आई, लाइन जोडली गेली वाटतं!"

शुक्रवारी इस्पितळाच्या जेवणघरात खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई मागे भिंतीपाशी बसल्या. मैना उभी राहिली. "देवा, मी हाक मारते आहे," ती म्हणाली, "उचल ना!" कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"किती काळ मला थांबवून ठेवशील?"

ती श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात टेलिफोन खोलीतल्या तिच्या सोबतिणी एकसुरात म्हणाल्या, "किती काळ?"

सासूबाई ताठ झाल्या. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं, ही त्या स्तोत्रांची जुनी चाल. यांना कोणी सांगितली? कोणीच नाही. ओळीतच तेवढी जागा होती. मैनेने ती ओळ परत म्हटली, आणि या वेळी उत्तर भिंतींपासून आलं, वाढप्यांकडून, नर्सांकडून, दाराशी उभ्या पहारेकऱ्याकडून. सही करणारे साहेब पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मैनेने त्यांच्याकडे बघितलंही नाही. 'परंतु'पाशी तिने कागद खाली ठेवला. उरलेलं तिला पाठ होतं.

शेवटच्या ओळीनंतर टाळ्या अशा की भांडी वाजली.

इस्पितळातले कपडे धुणारी बाई गर्दीतून पुढे आली. तिचं खातंही बाहेरच्यांना दिलं जाणार होतं. "ताई, तो कागद मला द्याल? फक्त फडक्याची ओळ बदलीन म्हणते. बाकी सगळं माझंच आहे."

मैनेने तो तिच्या हातात ठेवला आणि मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. खोडलेल्या नावांचा हिशेब त्या एका नजरेत चुकता झाला.

घरी येताना वाटभर ती बोलत होती. घरात शिरली, ओट्याशी गेली, तरी बोलतच होती.

संध्याकाळी सासूबाईंनी टोपण काढून लिहिलं : 'मैनेने बोलण्याच्या नादात भाजीत मीठ दोनदा घातलं. बटाटा घालून निभावलं.'