दशरथ ओव्हाळांचा पहिला खोटा शिक्का

दशरथ ओव्हाळांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकोणीस वर्षं तपासनीस म्हणून काढली, सगळी कंत्राटावर. माल बघायचा, मापायचा, मगच शिक्का मारायचा. न बघता शिक्का म्हणजे कुणाचा तरी हात जाणार, हे अंगात इतकं मुरलेलं की घरी गॅसचं बटणसुद्धा दोनदा बघत. कंत्राट संपलं तेव्हा वय सत्तेचाळीस. पोरांच्यात बसून सहा महिन्यांचा वेबसाइटचा कोर्स केला आणि बिबवेवाडीत आमोदच्या तीन टेबलांच्या कंपनीत लागले. आमोद त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. एक तारखेला कायम करण्याचं पत्र मिळणार होतं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर दुसरीकडे कोण विचारतंय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पत्राच्या चार दिवस आधीचं काम एका ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहाचं. चाळीस जागा. उद्या दहाला साइटवर अर्ज उघडणार, आधी येईल तिला जागा. साइट ट्रस्टच्याच ऑफिसातल्या संगणकावर चढवायची होती. दशरथनी ‘कंपोझर इन्स्टॉल’ दिलं. साइटला लागणारे तयार भाग हाच कंपोझर गोळा करून आणतो. तो अडला. लाल अक्षरांत म्हणाला, साइट ज्या भाषेत लिहिली त्या पीएचपीची ‘जीडी’ आणि ‘इंटल’ ही दोन एक्स्टेन्शनं, म्हणजे जोडभाग, इथं चालू नाहीत, ‘पीएचपी डॉट आयएनआय’ ही सेटिंगची फाईल बघा.

फाईल उघडली. दोन्ही ओळी होत्या, पण पुढं अर्धविराम. म्हणजे झोपवलेल्या. अर्धविराम काढून सेव्ह करायला गेले, तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला. तो फक्त ट्रस्टच्या बापूरावांकडं, आणि बापूराव साडेचारलाच घरी. फोन बंद.

आमोदला फोन लावला.

“ओव्हाळ, त्या एररच्या खाली काय लिहिलंय? वाचा ना.”

“तात्पुरतं दुर्लक्ष करायचा पर्याय दिलाय, सर.”

“मग करा दुर्लक्ष. ट्रस्टवाल्यांना संध्याकाळी पान उघडलेलं दाखवायचंय.”

“पान उघडेल. पण फोटो लहान करायचं काम जीडी करतं. फोटो टाकला की गाडी तिथंच आडवी पडणार. अन् नावांच्या याद्या मराठी अक्षरक्रमानं लावायला इंटल लागतं.”

“फोटो उद्या दहाला टाकणार ना? नऊला जाऊन करा. का मुहूर्त काढून देऊ?”

दशरथनी ती तपासणी वगळायची आज्ञा दिली. कंपोझर मुकाट्यानं पुढं गेला. सगळं हिरवं. पान उघडलं. कामाच्या नोंदीत त्यांनी लिहिलं: तपासलं, चालू आहे. अन् मदतीसाठी म्हणून स्वतःचा नंबर पानावर टाकला.

सकाळी साडेसातला आमोदचा फोन. “आधी हिंजवडीला जा, तिथला सर्व्हर बंद पडलाय.”

“सर, वसतिगृह...”

“ते मी बघतो. तुम्ही निघा.”

दहा वाजून चार मिनिटांनी दशरथ हिंजवडीच्या पुलाखाली अडकलेले. कंपन्यांच्या बस दोन्ही बाजूंनी. फोन वाजला.

“काका, परांड्यावरनं निकिता बोलतीय. फोटू टाकला की पांढरं पान येतंय. नर्सिंगला नंबर लागलाय माझा, पुण्यात राहायला दुसरं काय न्हाई.”

“थांब पोरी, करतो.”

आमोदला सहा वेळा फोन केला, उचलला नाही. मुलींचे फोन येत राहिले. साडेअकराला ट्रस्टनं ऑनलाइन अर्ज रद्द केले आणि दारात उभ्या असलेल्यांचे कागदावर घेतले. एकला चाळीस जागा भरल्या. दारात उभ्या होत्या त्या पुण्याच्या आसपासच्या.

दुपारी ऑफिसात आमोदनं ट्रस्टला द्यायच्या अहवालाचा मजकूर तयारच ठेवला होता. “लिहा, ट्रस्टच्या मशिनची सेटिंग सदोष होती. खोटं आहे का यात काही?”

“खोटं नाही. पण अर्धं आहे.”

“तुम्ही कारखान्यातून आलात की कोर्टातून?”

दशरथनी स्वतः लिहिलं: एक्स्टेन्शन बंद असल्याचं मला माहीत होतं. तपासणी मी वगळली. न तपासता ‘तपासलं’ लिहिलं. सही. आमोदनं वाचून कागद उलटा ठेवला. “एक तारखेला यायची तसदी घेऊ नका.”

दशरथ परत ट्रस्टच्या ऑफिसात गेले. बापूराव म्हणाले, “आता कशाला आलाय? मयतीनंतर डाक्टर?”

“पासवर्ड टाका तेवढा.”

दोन अर्धविराम काढले. सेव्ह. साइट चालवणारा सर्व्हर, अपाची, बंद करून चालू केला. कंपोझर पुन्हा चालवला, या वेळी काहीही न वगळता. अडला नाही. स्वतःचा फोटो टाकून बघितला, घेतला. चार मिनिटं लागली.

“हाय की चालू,” बापूराव म्हणाले. “एवढंच हुतं व्हय?”

दशरथनी परांड्याचा नंबर लावला.

“चालू झालंय पोरी.”

पलीकडं एसटी स्टँडचा गोंगाट होता. “आता काय करू काका? जागा भरल्या न्हवं.”

तिनंच फोन ठेवला. पडद्यावर त्यांचा फोटो तसाच होता, अर्ज क्रमांक एक.