सात घरांचा पांढरा

टाइल्स बसवण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि तोंड धरणाराही! गिऱ्हाइकाने एकच पेटी उघडून मान डोलावली, की हे खवळायचे. "अहो, प्रत्येक पेटीवरचा शेड नंबर बघा! पांढरा पांढरा म्हणून घ्याल, आणि भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसेल."

स्वतःच्या घरी मात्र पंधरा वर्षं चॉकलेटी टाइल्स. बाथरूम इवलंसं, खिडकीचा पत्ता नाही. बायको दार अर्धवट उघडं ठेवूनच आंघोळ करायची, आत जीव घुसमटायचा तिचा. "दार लावून, मोकळा श्वास घेत आंघोळ करायचीय मला," ती म्हणायची. "एवढंच मागतेय."

शेवटी मिस्त्रींनी मनावर घेतलं. माळ्यावर सात घरांच्या कामांतून उरलेल्या पांढऱ्या, चकचकीत टाइल्स होत्या. चकचकीत टाइल उजेड परत फेकते, खोली मोठी वाटते. सांधेही पांढरेच भरले, म्हणजे रेघांची जाळी दिसायला नको. वास आणि वाफ जायला पंखा लावला. चार दिवस बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात राबले बिचारे.

बायकोने हौसेने टॉवेल आणले, दोन पांढरेशुभ्र, एक फिकट हिरवा. ते टांगून तिने दिवा लावला, दार लावलं. दोनच मिनिटांत बाहेर आली आणि घासणी घेऊन पुन्हा आत.

"अहो, हा कोपरा पिवळाच आहे अजून. निघतच नाही."

"नवीन टाइल आहे, डाग कसला?" म्हणत मिस्त्री आत गेले आणि गारच पडले. शुभ्र टॉवेलशेजारची टाइल सायीसारखी पिवळसर, वरची निळसर, खालची करडी. माळ्यावर प्रत्येक गठ्ठा वेगळा होता, तेव्हा सगळ्या पांढऱ्याच दिसल्या होत्या! त्यांनी पिवळा दिवा काढून पांढरा लावला, तर फरक आणखीच उठून दिसला. पुन्हा पिवळा लावला, तर सगळंच मळकट.

वैतागून ते म्हणाले, "तू ना, क्रीम रंगाचे टॉवेल आण. या पांढऱ्यामुळेच टाइल्स घाण दिसतात."

"म्हणजे चूक टॉवेलची?" तिने घासणी बादलीत आपटली. हात लाल झाले होते, डोळेही. "गिऱ्हाइकांसाठी पेट्या तपासता. आणि माझ्यासाठी? त्यांनी नको म्हटलेलं. माझ्या वाट्याला कायम उरलेलंच का हो?"

आपण पैसे वाचवले, असं सांगायला मिस्त्रींनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

खिशातला फोन वाजला. नव्या गिऱ्हाइकाचा होता, कधी येताय विचारत होता.

"आठवडाभर नाही जमायचं," मिस्त्री म्हणाले. "घरचं काम आहे." मग चपला घालून ते दारात थांबले. "चल. दुकानात. रंग तू निवडायचा."