नागनाथचं कानकोरणं

समजा, तुमच्या हातात पितळेची बारीक सळई आहे, टोकाला तांदळाएवढी वाटी. समोरच्याच्या कानातला मळ काढायचा आहे. पडदा जेमतेम इंचभर आत, तुम्हाला तो दिसत नाही. माणूस डोळे मिटून मान तुमच्या हवाली करून बसलाय. मागून ट्रॅक्टर येतोय.

सेलूच्या बाजारात लिंबाखाली दाढी-कटिंगला बसणारा नागनाथ हे काम बावीस वर्षं करत होता. त्याच्याकडे दाढी केली की कान फुकट. गिऱ्हाईक त्यासाठीच यायचं.

त्या गुरुवारी आश्रुबा बसला होता. कापसाच्या जिनिंगमधला हमाल, नागनाथचा जुना दोस्त. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, आश्रुबा दचकला आणि सळई आत गेली.

"मेलो रं!" आश्रुबानं कान दाबला. बोटाला रक्त लागलं. जमीन फिरल्यागत झाली.

"थांब, लसणाचं तेल सोडतो. आत्ता थांबंल," नागनाथ म्हणाला. कान दुखला की तो हेच करायचा. कोमट तेलाचे चार थेंब त्यानं सोडले.

पाचव्या दिवशी कान वाहायला लागला. त्या कानानं ऐकूही येईना. जिनिंगच्या मुकादमानं बजावलं, "मागं गाडी यायलीय हे तुला कळना. नीट झाल्याबिगर येऊ नको."

नागनाथनं धंदा बंद ठेवला आणि आश्रुबाला परभणीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं.

"पडद्याला भोक पडलंय, वर जंतू झालेत. फाटलेल्या कानात तेल कोणी घातलं?"

"मीच. दाढीवाला हाय मी, सळईबी माझीच," नागनाथ म्हणाला.

"ब्लेड बदलता?"

"दर माणसाला नवं!" त्याची मान ताठ झाली.

"आणि सळई?"

"फडक्यानं पुसतो."

"फडकं?"

"एकच."

"कापलं तर तुरटी?"

तीही एकच होती.

"नव्या ब्लेडचा उपयोग काय मग?" बाई म्हणाल्या. "एकाचं रक्त तुरटीवरून दुसऱ्याच्या जखमेत जातं. त्यातून काविळीचे जंतूही जाऊ शकतात." त्यांनी औषध लिहिलं. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, तेल तर नाहीच. भोक बहुतेक वेळा आपोआप भरतं. दोन महिन्यांत नाही भरलं, तर ऑपरेशन.

औषधानं वाहणं थांबलं. भोक अजून आहे. आश्रुबा घरीच बसून आहे. "बायकोची कटकट अर्धीच ऐकू येती, तेवढा फायदा झाला," असं तो नागनाथला म्हणतो, पण हसत नाही.

पुढच्या बाजारी एका म्हाताऱ्यानं दाढीनंतर कान पुढं केला.

"कान करत न्हाई आता, बाबा. दवाखान्यात दाखवा."

"येड लागलं का तुला? इतकी वर्षं केलं की!"

नागनाथनं वस्तऱ्यातलं ब्लेड काढून टाकलं. आश्रुबाला पुढच्या तपासणीला नेताना डॉक्टरबाईंना एक विचारायचं, असं त्यानं मनाशी धरलंय. बावीस वर्षांत किती कानांतून रक्त आलं, किती जणांना तेल सोडून घरी पाठवलं. त्यातले कित्येक परत आलेच नाहीत. ते बरे झाले म्हणून आले नाहीत, का त्यांना ऐकूच येईना म्हणून?