काकूंचं पादणारं वावर

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि मी शेतकी खात्यात नवा कोरा सहायक होतो. माझं गाव चिखली. ज्वारी, कापूस आणि बाजार समितीतली धूळ यांच्यापलीकडे माझं शेतीचं ज्ञान जात नव्हतं. धान, म्हणजे भाताचं पीक, मी फक्त ताटात पाहिलेलं. म्हणून साहेबांनी मला धानाच्या प्रयोगावर नेमलं. खात्यात असंच चालायचं.

डोणगावपासून कोसभर आत एक लहान तलाव होता. त्याखाली चार-पाच घरंच धान लावायची, आणि ती रीत लावून दिली होती एका काकूंनी. काकू भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि पहिल्याच वर्षी म्हणाल्या, "भाकरीवर माणूस जगते, पण पोट भरत नाही." तेव्हापासून तलावाखालच्या काळ्या जमिनीत त्यांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, पाण्याने तुडुंब असायचे. त्यांच्या खालच्या अंगाला त्यांच्या चुलत दिरांची बांधी होती. तिथे पाणी पोचायचं ते काकूंच्या मर्जीने, म्हणजे पोचायचंच नाही.

त्या वर्षी तलाव अर्धाच भरला. माझ्या खिशात खात्याचं चक्रमुद्रित पत्रक होतं : धानाला सतत पाणी उभं ठेवायची गरज नाही, रोवलेली रोपं धरली की आलटून-पालटून भिजवा आणि सुकवा. मी ते काकूंना वाचून दाखवलं.

"तुमी पोहायले शिकले का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग पान्यातलं मले काऊन सांगता?"

पण दीर बांधावर उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, एक बांधी देऊन तर पाहा साहेबाले. वाळली तर माह्याकडून ज्वारी न्या." दिराला खोटं पाडायची संधी काकू सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. शेजारशेजारच्या दोन सारख्या बांध्या ठरल्या. एक त्यांच्या रीतीने भरलेली, एक माझ्या.

रोवणीनंतर पहिले दोन आठवडे दोन्हींत पाणी ठेवलं, नाहीतर तण माजतं. मग मी माझ्या बांधीचं पाणी तोडलं आणि चिखलीला घरी निघून गेलो. पाऊस नव्हता, आणि मी आईच्या हातचं खात जरा जास्तच दिवस राहिलो. परत आलो तेव्हा बांधीला अशा भेगा पडल्या होत्या की काकूंची वहाण एका भेगेत गेली होती. त्यांनी ती काढली नव्हती. मला दाखवायला ठेवली होती.

"भरा आता पानी," त्या म्हणाल्या.

मी पाट फोडला. पाणी आलं, भेगांत शिरलं आणि गेलं. दुपार उलटली तरी बांधी भिजेना. काळ्या जमिनीला एकदा तोंड फुटलं की पाणी वर थांबत नाही, सरळ पाताळात जातं. वाचवायचं होतं त्याच्या दुप्पट मी त्या दिवशी घालवलं. खालून दीर ओरडत होते, "साहेब, तुमच्यापरीस वहिनी बरी!"

त्या रात्री मी पत्रकाचं मागचं पान वाचलं. आधी वाचायला कुणी अडवलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की जमीन भेगाळेपर्यंत थांबायचं नाही. आत पाणी किती खाली गेलं ते बघायचं. दुसऱ्या दिवशी मी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याचा तळ काढला, अंगाला खिळ्याने भोकं पाडली आणि तो बांधीत वीतभर रोवून आतला चिखल उपसला. आत पाणी दिसायला लागलं. ते चिखलाच्या पातळीपासून आठ बोटं खाली गेलं की नवं पाणी द्यायचं, तोवर नाही. वरून बांधी सुकलेली दिसायची, पण मुळांना ओल असायची.

काकू रोज सकाळी डब्यात बोट घालून मोजायच्या. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. "पाच," त्या ओरडायच्या. "आज सहा." आठ झाले की पाट स्वतः फोडायच्या. मधल्या दिवसांत वाचलेलं पाणी खाली जायचं, आणि दिरांची बांधी हिरवी होत चालली.

एके दिवशी मी काकूंच्या भरलेल्या बांधीत पाय घसरून बसलोच. बूड चिखलात रुतलं आणि भोवती बुडबुडे उठले. काकू बांधावर पोट धरून हसत होत्या. "वावर पादून राह्यलं का तुमी?"

डोणगावच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. ते हसले नाहीत. त्यांनी पाण्याने भरलेली बाटली नरसाळ्यावर उलटी धरली, काठीने चिखल ढोसला आणि बुडबुडे बाटलीत धरले. अंगठ्याने तोंड दाबून ती गोठ्याच्या सावलीत आणली आणि काडी लावली. भस्सकन निळी ज्योत आली आणि गेली.

काकू दोन पावलं मागे सरल्या. "वावरच पादते, बाई!"

मास्तरांनी सांगितलं की पाण्याखाली चिखलात हवा नसते. तिथे कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून जंतू हा वायू करतात, त्याचं नाव मिथेन. मग आम्ही माझ्या बांधीत गेलो. तिला नुकतंच पाणी दिलं होतं. काठी ढोसून ढोसून हात दुखले, पण बाटलीत काडीला पुरेल एवढंही जमेना. "सुकली की जमिनीत हवा शिरते," मास्तर म्हणाले, "मग या जंतूंचं काही चालत नाही. पाणी भरल्यावर त्यांना पुन्हा बस्तान बसवायला दिवस लागतात."

मी अहवालात हे सगळं लिहिलं. साहेबांनी तांबड्या शाईने काट मारली आणि समासात लिहिलं : "शासकीय कागदात वात नको." निवृत्तीच्या सुमाराला एका प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलं की धानाच्या चिखलातला मिथेन पृथ्वी तापवतो आणि आलटून-पालटून सुकवलं तर तो बराच घटतो. मी एवढ्या जोरात हसलो की शेजारच्या तरुण अधिकाऱ्याने मला पाणी आणून दिलं.

त्या हंगामात लोंब्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा माझ्या बांधीतल्या डब्यात पाणी तीनच बोटं खाली होतं. मी म्हटलं, "अजून पाच बोटं थांबू." काकूंनी डबा उपटून बाजूला ठेवला आणि पाट फोडला. "फुलोऱ्यात धान गर्भारणीसारखं असते. तिले उपाशी ठेवता?" मी पत्रक काढलं. त्यातही तेच लिहिलं होतं : फुलोऱ्यात पाणी उभं ठेवा. मी पत्रक घडी करून परत ठेवलं.

कापणीला दोन्ही बांध्या वेगळ्या मळल्या, एकाच पायलीच्या मापाने मोजल्या. काकूंच्या बांधीचं धान माझ्यापेक्षा दोन पायल्या जास्त भरलं. एवढ्या मोठ्या ढिगात दोन पायल्या म्हणजे काहीच नव्हे, पण काकूंनी त्या वेगळ्या काढून मला दाखवल्या. माझ्या बांधीत तणही जास्त झालं होतं, निंदणी एक वाढली होती. ते त्यांनी चारदा सांगितलं. पाण्याच्या पाळ्या मात्र माझ्या बांधीला तिसऱ्या हिश्श्याने कमी लागल्या होत्या, माझी पहिली घोडचूक धरूनसुद्धा. ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

खाली दिरांचं धान खळ्यावर आलं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. ते टोपली भरून काकूंच्या अंगणात आले आणि ती ठेवून उभे राहिले.

काकूंनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली.

"पोचट निंगते बाप्पा," त्या म्हणाल्या. मग आत वळून सुनेला हाक मारली, "भाऊजीले चहा टाक."

पुढच्या जूनमध्ये माझी बदली मलकापूरकडे, कापसात झाली. निरोप घ्यायला गेलो तर काकू रोवणीच्या तयारीत होत्या. अंगणात तुपाचे सात डबे ओळीने पडले होते आणि त्यांचे दीर उकिडवे बसून एकेकाला खिळ्याने भोकं पाडत होते. काकू वरून सांगत होत्या, "जवळजवळ पाडा न, भाऊजी. चाळणी दिसली पाह्यजे."