कोपऱ्यापलीकडची किल्ली

धाराशिवच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हा दोघींचा प्रोजेक्ट म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक खेळ होता. गुहेत शिरायचं, किल्ली शोधायची, बाहेर यायचं. दरवेळी गुहा नवी, कारण ती आमचा प्रोग्राम काढायचा. जोडीदारीण मुरूम गावची, बोलायला कमी. ती कसर मी भरून काढत होते.

कृती तशी सोपी. चौकटींचा कागद असावा तसा पडदा घ्यायचा आणि प्रत्येक घरात नशिबावर दगड नाहीतर मोकळी जागा टाकायची. मग प्रत्येक घर आपले आठ शेजारी बघतं. पाच किंवा जास्त दगड असले तर आपणही दगड, तीन किंवा कमी असले तर मोकळं, चार असले तर आहे तसंच. चार-पाच फेऱ्या झाल्या की त्या विस्कटलेल्या ठिपक्यांतून खरोखरच्या गुहा उमटतात. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली.

खोट एकच होती. मोठ्या गुहेच्या आजूबाजूला दगडात बंद झालेले सुटे कप्पे राहायचे. किल्ली तिथं पडली की खेळणारा बसला बोंबलत. म्हणून आम्ही एका मोकळ्या घरातून पाणी सोडल्यासारखा रंग पसरवायचो. जिथवर पोचला तो एक भाग. राहिलेल्या घरातून दुसरा रंग, मग तिसरा. सगळ्यांत मोठा भाग ठेवायचा, बाकीचे दगडानं बुजवायचे, आणि मगच किल्ली टाकायची.

तरीही प्रोजेक्टच्या सरांसमोरच्या सरावात किल्ली अडकली. डोळ्यांसमोर दिसतेय आणि पोचता येत न्हाय. सर म्हणाले, हे नशिबाचं खेळणं सोडा, हातानं दहा नकाशे काढा, बाहेरच्या परीक्षकांपुढं असं झालं तर मला सांगायला येऊ नका. माझं डोकंच फिरलं. हातानं नकाशे काढले तर आमच्या प्रोजेक्टात उरलं काय? मी सरांना तोंडावर सांगितलं की गुहा प्रोग्रामच काढेल. सर म्हणाले, मग नापास झालात तर ते तुमच्यावर.

बाहेर आल्यावर मी तावातावानं बोलत होते. जोडीदारीण मात्र लॅपटॉप उघडून तीच अडकलेली गुहा बघत बसली. बऱ्याच वेळानं तिनं बोट ठेवलं. खेळातला आमचा माणूस आणि किल्ली यांच्यामध्ये दोन मोकळी घरं फक्त कोपऱ्याला कोपरा लावून होती. रंग कोपऱ्यातून पलीकडं गेला होता. माणूस मात्र वर, खाली, डावीकडं, उजवीकडं एवढंच चालतो, तिरका न्हाय. शेजारी मोजायला आठ दिशांचं फंक्शन तयार होतं, तेच आम्ही रंग पसरवायला उचललं होतं. रंगाला चारच दिशा दिल्या आणि तो कोपऱ्याशी थांबला. पलीकडचा कप्पा वेगळा निघाला आणि बुजला. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. एवढी हुशार पोरगी माझ्या वाट्याला आली याचा मला अजून माज आहे.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी मनाला येतील ते आकडे टाकून गुहा काढल्या आणि प्रत्येक वेळी स्वतः खेळून किल्ली घेतली. सर भिंतीला टेकून उभे. मग परीक्षकांनी दगडाचं प्रमाण इतकं वाढवलं की सरांनी माझ्याकडं बघायचंच सोडलं. एवढ्या दगडात गुहा होणार कुठून? उरणार ती दोन-चार घरांची बिळं, आणि त्यातलं सगळ्यांत मोठं ठेवलं तरी ते बीळच.

प्रोग्राम थोडा थांबला. सगळ्यांत मोठा भागही ठरवल्यापेक्षा लहान निघाला की तो टाकून नवी गुहा काढायची, ठराविक वेळा बघायचं आणि तरी जमलं नाही तर कबूल करायचं, अशी तपासणी त्यात होती. पडद्यावर ओळ आली, ‘एवढ्या दगडात खेळण्याजोगी गुहा होत नाही. दगड कमी करा.’

परीक्षक हसले. म्हणाले, "बरोबर आहे. खोटी गुहा देण्यापेक्षा हे बरं. ही तपासणी कुणाची?"

मी तोंड उघडलंच होतं. सगळ्या सरावांत दोघींच्या वतीनं मीच बोलायचे. पण शेजारून आवाज आला, सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा.

"म्या लिहिली, सर. रंग पसरवायचं बी म्याच दुरुस्त केलं. कसं ते दाखवू का?"

परीक्षकांनी खुर्ची तिच्याकडं सरकवली. ती बसली आणि बोलत राहिली, आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प उभी राहून ऐकलं.