‘भोकं’ नावाचा फोल्डर

मला राग लवकर येतो, आणि तो नेमका चुकीच्या माणसावर निघतो. हे मला घरच्यांनी बऱ्याचदा सांगितलंय, पण पटलं ते चाकणच्या आमच्या कंपनीत, एका मावशींमुळे.

आमच्याकडे ॲल्युमिनियमचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, येतं, त्यावर मशीनिंग होतं आणि तपासून माल पुढे गाड्यांच्या कंपनीला जातो. मी क्वालिटीत इंजिनीअर. मावशी तपासणीच्या टेबलावर, माझ्या कितीतरी आधीपासून. जवळच्या मोशी गावातल्या जुन्या घराण्यातल्या. दिव्याखाली पीस फिरवला की टाचणीच्या टोकाएवढं भोकही त्यांना दिसायचं. मी नवीन असताना माझ्या हातून सुटलेला एक अख्खा लॉट त्यांनी गाडीत चढण्याआधी थांबवला होता आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. माझी नोकरी पहिल्या वर्षात टिकली ती त्यांच्यामुळे, असं मी आजही मानते.

मग ग्राहक कंपनीने नवा नियम आणला. रिजेक्ट मालाचे फोटो रोज त्यांच्या पोर्टलवर चढवायचे. फोटोची साइज ठरलेली, खाली पट्टीत लॉट नंबर आणि तारीख. मी पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती फोटो लहान करायची, पट्टी जोडायची आणि त्याच फोल्डरमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘ओके’ नाव दिलेल्या नव्या फोल्डरात ठेवायची. मूळ फोटोंना हात लावायची नाही. पण ती चालवायला काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करावी लागे, आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमत नव्हतं.

प्लांट मॅनेजरांनी साधा हिशोब केला. ज्याने पीस तपासला त्यानेच फोटो तयार करायचे. ज्याला कॉम्प्युटर जमणार नाही तो पॅकिंगला. सोमवारपासूनच्या पॅकिंगच्या यादीत मावशींचं नाव पहिलं होतं.

मी म्हटलं, दोन दिवस द्या. त्या स्क्रिप्टभोवती मी स्क्रीनवर उघडणारी एक खिडकी बांधली. वर लॉट नंबरचा रकाना, खाली मोठा चौकोन आणि त्यात मराठीत लिहिलेलं, ‘फोटोंचा फोल्डर इथे आणून सोडा’. बस. सगळं एकाच फाइलमध्ये बांधलं, म्हणजे तपासणीच्या कॉम्प्युटरवर पायथॉन नसलं तरी नुसता डबल-क्लिक केला की चालेल. अँटिव्हायरसने तिला दोनदा चोर समजून पकडलं. आयटीवाल्या भाऊंच्या विनवण्या करून सोडवून आणली.

मावशींना माउसचं बटण दाबून धरून फोल्डर ओढायचा आणि सोडायचा, एवढंच शिकायचं होतं. पहिल्यांदा फोल्डर मध्येच सुटला. “निसटलं की गं,” म्हणाल्या, आणि पुन्हा धरला. मी सरावाला दिलेला फोल्डर अर्ध्या तासात त्यांनी दहा-बारा वेळा सोडून पाहिला.

शुक्रवारी मॅनेजरसाहेब बघायला आले. मावशींनी मोबाइल केबलने जोडला, त्या दिवसाचे फोटो आपल्या फोल्डरात उतरवले, लॉट नंबर टाकला आणि फोल्डर चौकोनात आणून सोडला. खिडकीत हिरव्या अक्षरांत आलं, ‘काम झाले’. साहेबांनी ‘ओके’ उघडायला सांगितला. आत काहीच नव्हतं, एकही फोटो नाही.

“मावशी, काय दाबलंत तुम्ही?” मी ओरडलेच. सगळ्यांसमोर.

“म्या काय बी दाबलं न्हाई. निस्तं सोडलं,” त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले, “राहू द्या मॅडम. तुम्ही प्रयत्न केला,” आणि निघून गेले.

मी जागेवर येऊन माझ्या फोटोंवर खिडकी चालवून पाहिली. अगदी व्यवस्थित. म्हणजे चूक त्यांचीच, असं स्वतःला सांगून मी चहाला जायला उठले, तर मावशी दारात.

“माजं फोल्डर तुज्या मशीनवर सोडून बघ,” त्या म्हणाल्या. “तुजं न्हाई, माजं.”

मी कपाळाला आठ्या घालून सामाईक ड्राइव्हवरून त्यांचा फोल्डर घेतला आणि सोडला. ‘काम झाले’. आत रिकामं.

तेव्हा मी पहिल्यांदा त्या फोल्डरचं नाव वाचलं. ‘भोकं’. शेजारी ‘चरे’, ‘वाकडं’. टेबलावर ज्या नावाने वेगळं काढतात त्याच नावाने त्यांनी कॉम्प्युटरवर वेगळं काढलं होतं. आयटीवाल्या भाऊंकडून मराठी कीबोर्ड चालू करून घेतला होता, एकेक अक्षर शोधून टाइप केलं होतं. मी मात्र फोटो उघडण्यासाठी जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरली होती, तिला विंडोजवर फाइलच्या पत्त्यातलं देवनागरी नाव वाचताच येत नव्हतं. माझ्या आणि सरावाच्या फोल्डरांची नावं इंग्रजीत होती, म्हणून ते कधी कळलंच नाही. ती तक्रारही करत नाही, नुसता रिकामा हात पुढे करते. आणि रिकामा हात आला की गुपचूप पुढच्या फोटोकडे जा, हे मीच लिहून ठेवलं होतं. शेवटी हिरव्या अक्षरांत ‘काम झाले’ म्हणणारीही मीच. खिडकीवर मराठी लिहिली, आणि आत मराठी चालते का हे एकदाही पाहिलं नाही.

मी म्हटलं, “मावशी, नाव इंग्रजीत दिलं तर चालेल.”

“मग लिहून दे कागदावर. बगून बगून टाकीन,” त्या लगेच म्हणाल्या.

ते ऐकून माझी मलाच लाज वाटली. ज्या बाईने मराठीत टाइप करायला स्वतःहून शिकून घेतलं, ती माझ्या आळसापायी आता इंग्रजी अक्षरं गिरवायलाही तयार होती. मी म्हटलं, “नको. तुम्ही ‘भोकं’च ठेवा.”

दुरुस्ती चार-पाच ओळींची निघाली. फाइल पायथॉननेच उघडून आतला डेटा वाचायचा आणि मग तो लायब्ररीच्या हातात द्यायचा. तयार फोटो ठेवतानाही तसंच उलट. आणि ‘काम झाले’ मी काढूनच टाकलं. त्याऐवजी किती फोटो आले, त्यातले किती झाले, आणि जो झाला नाही त्याचं नाव लाल अक्षरांत.

शनिवारी मी साहेबांना हात धरून आणायचंच बाकी ठेवलं. आधीच सांगितलं, “सर, कालची चूक माझी होती, मावशींची नाही.” मावशींनी ‘भोकं’ सोडला. खिडकीत आलं, ‘१८ पैकी १७ झाले’. खाली एक लाल ओळ. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मावशींनी चष्मा वर सरकवून लाल ओळ वाचली. तो फोटो फोल्डरात शोधला. “ह्यो आलाच न्हाई पुरता. शून्य केबी हाय बगा. मगाशी केबल हालली व्हती,” असं म्हणत त्यांनी तोच फोटो मोबाइलवरून पुन्हा उतरवला आणि फोल्डर पुन्हा सोडला. १८ पैकी १८.

साहेबांनी खिशातून यादी काढली आणि तिथेच उभ्या उभ्या पहिलं नाव खोडलं. मावशी दिव्याकडे वळल्या आणि पुढचा पीस उचलला.

दुपारी कँटीनमध्ये मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि माफी मागितली. सगळ्यांसमोर ओरडले होते म्हणून. विचारलं, “तुम्हाला माझा राग नाही आला?”

“आला की. लई आला,” भाकरी मोडत त्या म्हणाल्या. “पर मी रुसून घरी गेले असते, तर सोमवारी पॅकिंगलाच गेले असते न्हवं?”